टाचेवरची चामखीळ आणि सॅलिसिलिक ॲसिड: काही महिन्यांच्या वापरानंतर

पावसाळ्याच्या सुरुवातीला टाचेखाली टोचायला लागलं. घरच्यांना ती भोवरी वाटली. त्वचारोगतज्ज्ञांनी वरचा राठ थर ब्लेडने हलकेच खरवडला, तेव्हा आत काळे ठिपके दिसले. चामखिळीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये रक्त गोठून ते तयार होतात. घरी ओळखायच्या आणखी दोन खुणा त्यांनी सांगितल्या. भोवरी वरून दाबली की दुखते, तर चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. शिवाय तळपायाच्या रेषा चामखिळीवरून जात नाहीत, तिच्या कडेशी तुटतात.

मला मिळालेल्या बाटलीत १६.७ टक्के सॅलिसिलिक ॲसिड आणि तेवढंच लॅक्टिक ॲसिड होतं, कोलोडियन नावाच्या चिकट द्रवात मिसळलेलं. हा द्रव नेलपॉलिशसारखा वाळतो आणि त्याच्या पापुद्र्याखाली औषध कातडीला धरून राहतं. कोलोडियन चटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या दिव्यापासून आणि गॅसपासून मी लांब बसायचो.

हे औषध चामखीळ जाळतं असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं काम वेगळं आहे. कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी असतात आणि प्रथिनांचे दुवे त्यांना एकमेकींशी बांधून ठेवतात. सॅलिसिलिक ॲसिड हे दुवे सैल करतं, मग पेशी थराथराने सुटतात. चामखीळ विषाणूमुळे होते, पण त्या विषाणूला ते थेट मारत नाही. विषाणू असलेल्या पेशी कातडीसोबत निघून जातात, आणि तिथे होणाऱ्या सौम्य दाहामुळे शरीराची प्रतिकारशक्ती जागी होत असावी, असं मानतात. वेळ लागतो तो यामुळेच.

रोज रात्रीचा क्रम असा. पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय. भिजलेल्या कातडीत औषध चांगलं उतरतं, म्हणून ही पायरी गाळू नये. मग आदल्या दिवशीचा पापुद्रा काढून पांढरी, भुसभुशीत झालेली कातडी वज्रीने घासायची, रक्त येईल इतकी नाही. पाय पुसून कोरडा करायचा, भोवतालच्या निरोगी कातडीला पेट्रोलियम जेली लावायची आणि औषधाचा थेंब फक्त चामखिळीवर ठेवायचा. वाळल्यावर वरून चिकटपट्टी. ही वज्री मी वेगळी ठेवली होती, कारण तिच्यावरून विषाणू दुसरीकडे जाऊ शकतो.

पहिले काही आठवडे फक्त पांढरं सालपट निघत होतं, खड्डा तेवढाच. बहुतेक लोक इथेच सोडून देतात असं डॉक्टर म्हणाले. मधे एकदा कातडी लाल होऊन झोंबायला लागली, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून काही दिवस थांबलो आणि आग शमल्यावर पुन्हा सुरू केलं. दिवाळीच्या सुमारास काळे ठिपके विरळ झाले. त्यानंतर चिमटीत धरून दुखेना, आणि टाचेच्या रेषा त्या जागेवरून सलग जाताना दिसल्या. रेषा जुळल्या की औषध बंद. नुसती जागा सपाट झाली म्हणून थांबलं तर चामखीळ परत वाढते.

सगळ्यांनाच असा गुण येत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तळपायाच्या चामखिळी असलेले २४० जण होते. काहींना ५० टक्के सॅलिसिलिक ॲसिड दिलं, काहींची चामखीळ द्रव नायट्रोजनने गोठवली. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत जेमतेम १४ टक्के लोक पूर्ण बरे झाले होते. हे वाचून मला निराशा नाही, उलट धीर आला: गोठवण्याचा त्रास घेऊनही फार वेगळं काही हाती लागलं नसतं.

मुरमांच्या फेसवॉशमध्ये हेच ॲसिड साधारण २ टक्के असतं. ते तेलात विरघळतं, त्यामुळे तेलकट रोमछिद्रात शिरून तिथलं मेलेल्या पेशींचं बूच सैल करतं. कोंड्याच्या शाम्पूत ते खपल्या सोडवतं, पण कोंड्यामागच्या बुरशीवर त्याचा भर नसतो, म्हणून कित्येक शाम्पूंत जोडीला बुरशीनाशक असतं. चामखिळीची बाटली मात्र मुरमावर अजिबात लावू नका. चेहऱ्याची कातडी टाचेपेक्षा कितीतरी पातळ असते, तिथे भाजल्यासारखी जखम होऊन डाग राहू शकतो.

मधुमेह असेल किंवा पायाला रक्तपुरवठा कमी असेल, तर हे औषध स्वतःहून वापरू नका. पायाची संवेदना बोथट झालेली असते, आग जाणवत नाही आणि जखम लवकर भरत नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगा, दोन्ही औषधं एकाच कुळातली आहेत.