हेल्थ फॉसेट, टी आणि वेगळा कॉक: गणपतीपासून आत्तापर्यंत वापरल्यावर

घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो, चौदा मजली बिल्डिंग, आमचा चौथा मजला. गणपतीच्या आधी टॉयलेटमध्ये जेट स्प्रे लावून घेतला आणि आता उन्हाळा लागलाय, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालाय. गन कुठल्या कंपनीची याने फार फरक पडत नाही असं माझं मत झालंय, फरक पडतो तो भिंतीपासून गनपर्यंत मधे काय काय बसवलंय त्याने, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आमच्या बिल्डरने जेटसाठी वेगळा पॉईंट दिलाच नव्हता, फ्लश टँकचा एक अँगल कॉक तेवढा होता. अशा ठिकाणी प्लंबर काय करतात तर त्या अँगल कॉकला टी लावतात, एक फाटा टँकला, दुसरा थेट जेटच्या पाईपला, काम झालं. आमच्याकडे आलेलाही हेच म्हणाला, "ताई, गनच्या खटक्यानं पाणी बंद होतंय की, अजून एक कॉक कशाला?" अडचण तिथेच आहे. खटका सोडला की पाणी गनच्या तोंडाशी थांबतं, म्हणजे मागचा सगळा पाईप रात्रंदिवस प्रेशर घेऊन उभा असतो. साधा हिशोब आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो प्रेशर. आमच्या डोक्यावर दहा मजले आणि त्यावर टाकी, म्हणजे तीन किलोच्या आसपास. वरच्या मजल्यांना हे कमी, खालच्यांना अजून जास्त, त्यामुळे वरच्या कोणी सांगितलं की आमचा पाईप वर्षानुवर्षं टिकलाय तर ते तुम्हाला लागू होईलच असं नाही. आमच्याच विंगमध्ये एक कुटुंब मे महिन्यात गावी गेलं आणि मागे पाईप नटापाशी फुटला, दाराखालून पाणी लॉबीत यायला लागलं तेव्हा वॉचमनला कळलं.

म्हणून मी टीच्या जेटवाल्या फाट्यावर छोटा बॉल व्हॉल्व्ह लावायला सांगितला, पाव फेरीत बंद होणारा, दांडीवाला. दांडी पाईपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद, दारातूनच दिसतं. मूळ अँगल कॉक आहे तसाच मागे राहिला. यात फायदा असा की जेट बंद केला तरी फ्लश चालू राहतो, आणि उद्या गन बदलायची झाली तर नुसता हा व्हॉल्व्ह फिरवायचा. बाजारात दोन नॉबवाला टू-वे अँगल कॉक पण मिळतो, तोही चांगला, पण त्यासाठी जुना कॉक भिंतीतून काढावा लागतो आणि ते मला नको होतं, कारण आत सीपीव्हीसी पाईपला पितळी आट्याचा एल्बो असतो, तो जोरात पिळला गेला तर भिंतीच्या आत चीर जाते आणि आपल्याला पत्ता लागतो तो खालच्यांच्या छताला ओल आल्यावर.

पितळी टी, व्हॉल्व्ह, स्टीलचा एक मीटरचा पाईप, गन आणि हुक मिळून दीड हजाराच्या आत आलं, मजुरी वेगळी.

टी लावायच्या आधी मात्र एक गोष्ट बघाच, विशेषतः नवीन टॉवरमध्ये राहत असाल तर. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एसटीपी असतो आणि फ्लशला प्रक्रिया केलेलं सांडपाणी वेगळ्या लाईनने येतं. खारघरला माझ्या दिराच्या टॉवरमध्ये असंच आहे. तिथे फ्लशच्या कॉकवरून जेट काढला तर तेच पाणी अंगावर येणार!! ओळखायचं कसं, तर बाथरूमचा मेन कॉक बंद करा, बेसिनचं पाणी थांबलं की फ्लश टँक रिकामा करून बघा. तरीही टँक भरायला लागला तर फ्लशची लाईन वेगळी आहे, मग सोसायटीच्या प्लंबरला विचारल्याशिवाय हात लावू नका, जेट बेसिनच्या किंवा आंघोळीच्या लाईनवरून घ्यावा लागेल. टँक भरला नाही तरी दोन्ही लाईन एकच असं लगेच धरू नका, काही ठिकाणी दोन्ही कॉक शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही बंद केले जातात, तर विचारून घेतलेलं बरं.

बसवताना मी शेजारी उभी होते. अँगल कॉक बंद केला, फ्लश करून टँक रिकामा केला, खाली बादली ठेवून टँकचा कनेक्शन पाईप सोडवला. अँगल कॉक एका पान्याने धरून ठेवायचा आणि दुसऱ्या पान्याने टी फिरवायचा, यावर मी अडून बसले, नाहीतर सगळा जोर भिंतीतल्या एल्बोवर जातो. टेफ्लॉन टेप आट्यांवर ज्या दिशेने टी चढणार त्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर चढवताना सुटून गोळा होते. टी घट्ट झाला आणि तोंड थोडं वाकडं राहिलं तर तो मागे फिरवून सरळ करायचा नाही, तिथून नक्की गळणार, पूर्ण काढून टेप परत मारायची. आमच्याकडे एकदा काढावा लागला, थोडी जास्त टेप घेतल्यावर बरोबर जागी आला. जेटच्या पाईपच्या नटाला मात्र टेप लागत नाही, तिथे आतला रबरी वायसर पाणी अडवतो, हाताने घट्ट करून वर पान्याने जेमतेम पाव फेरी. जास्त पिळला की वायसर चेपतो आणि मग गळायला लागतं.

नंतर सगळे जोड कोरडे पुसून प्रत्येकाभोवती टिश्यू गुंडाळून ठेवले आणि पाणी चालू केलं. बारीक पाझर डोळ्याला दिसत नाही, टिश्यूवर लगेच डाग पडतो. रात्रभर ठेवले, सकाळी कोरडे होते.

हुकच्या बाबतीत लोक दिसायला कुठे बरं वाटेल ते बघतात. मी गन हातातून सोडून बघायला लावलं, लोंबकळून कमोडच्या पाण्यापर्यंत जाते का. टाकी साफ करताना गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद असतो, तेव्हा खालच्या मजल्यावर कोणी नळ उघडला की वरच्या लाईनमध्ये ओढ तयार होते, आणि गन कमोडमध्ये पडलेली आणि खटका दाबलेला राहिला असेल तर ते पाणी लाईनमध्ये खेचलं जाऊ शकतं. मीटरभर पाईप आणि जरा वर हुक, एवढ्यावर आमचं भागलं, त्यापेक्षा लांब पाईप घेऊ नका.

आता वापराचं. सासूबाईंना आधी वाटलं हे अजून एक काम, पण दांडी समोरच असल्यामुळे आता बाहेर येताना त्याच बंद करतात, विसरतो तो माझा मुलगा. त्याने उघडी ठेवली की गनच्या तोंडातून थेंब पडतात हे दिवाळीनंतर लक्षात आलं, टँकरचं पाणी असतं त्यामुळे खटक्याच्या आत क्षार बसले होते. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर कमी झालं, पूर्ण गेलं नाही. पाईपवर नटाजवळ तांबूस ठिपके यायला लागलेत, बहुतेक टॉयलेट धुताना ॲसिड उडतं त्यामुळे. गाठ किंवा फुगवटा अजून दिसला नाही, दिसला की वाट न बघता पाईप बदलणार, त्यासाठी अँगल कॉकला हात लावायची गरजही नाही. आणि बॉल व्हॉल्व्ह सारखा वापरला तर सैल राहतो, जुना अँगल कॉक मात्र इतका जाम झालाय की आता महिन्यातून एकदा मुद्दाम फिरवून ठेवते.