चौघडिया: छापील तक्ता की नाशिकचा सूर्योदय?

दुकानाच्या भिंतीवरचा छापील तक्ता सकाळी ६ ला सुरू होतो आणि प्रत्येक चौघडिया, म्हणजे दिवसाच्या आठ शुभ-अशुभ भागांपैकी एक, सरळ दीड तासाचा धरतो. बघायला सोपा, पण सूर्योदय बरोबर ६ ला आणि दिवस बरोबर १२ तासांचा असेल तेव्हाच खरा.

डिसेंबरअखेरचा शुक्रवार घ्या. नाशिकला सूर्योदय साधारण ७:०७, सूर्यास्त ६:०३. दिनमान ६५६ मिनिटे. भागिले आठ, म्हणजे एक चौघडिया ८२ मिनिटांचा. शुक्रवार चरने सुरू होतो: चर ८:२९ पर्यंत, लाभ ९:५१, अमृत ११:१३, काल १२:३५. पुढे शुभ, रोग, उद्वेग आणि पुन्हा चर.

आता सव्वाबाराला दुकानाचा नारळ फोडायचा आहे. तक्ता म्हणतो शुभ, नाशिकचा सूर्य म्हणतो काल, म्हणजे अशुभ! उलट पावणेअकराला तक्त्यात काल, प्रत्यक्षात अमृत.

मी तरी स्थानिक गणितच धरतो. मुंबईचं पंचांग दोन-चार मिनिटांनीच चुकतं, ते चालून जातं; नागपूरचं मात्र नको, तिथे सूर्य बराच आधी उगवतो. पडताळा सोपा आहे: चौथा चौघडिया संपतो तेव्हा सूर्य माथ्याच्या रेषेवर, थंडीत सावली सरळ उत्तरेला. रात्रीचे आठ भाग वेगळे, सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत.