लांबट चेहरा, मायनस पाचचा नंबर आणि फोटो मोजून घेतलेली फ्रेम: काही महिन्यांच्या वापरानंतर

दुकानात चष्मा काढून नवी फ्रेम डोळ्यांवर ठेवली की माझ्यासारख्या मायनस पाचच्या माणसाला आरशात धूसर चेहऱ्यापलीकडे काही दिसत नाही. म्हणून या वेळी घरी फोटोवर चेहरा मोजला आणि मगच फ्रेम निवडली. आता ती रोज दिवसभर डोळ्यांवर असते, त्यामुळे या पद्धतीचं काय टिकलं आणि ती कुठे थांबते हे नीट सांगता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे सेल्फीवरून चेहऱ्याचा आकार ठरवू नका. कान नाकाच्या शेंड्यापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर मागे असतात. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल तर कान ४० वर जातात, म्हणजे नाकाच्या मानाने पाऊणपट दिसतात. चेहऱ्याच्या कडा अशा आत ओढल्या जातात आणि गोल चेहराही लांबट वाटू लागतो. दोन मीटरवरून हाच फरक जेमतेम पाच टक्क्यांचा उरतो. मी बहिणीला दोन मीटरवर उभं केलं, फोन माझ्या डोळ्यांच्या उंचीला धरायला लावला आणि थोडा झूम करून फोटो काढून घेतला. केस मागे बांधलेले, हनुवटी सरळ, चेहऱ्यावर हसू नाही. कपाळावर एटीएम कार्ड आडवं सपाट धरलं होतं, कारण त्याची रुंदी ८५.६ मिलिमीटर ठरलेली असते आणि त्यावरून बाकी सगळं काढता येतं.

फोटोच्या प्रिंटवर कार्ड ३० मिमी भरलं. गालफडांपाशी चेहरा ४६, कपाळ ४३, जबडा ४० आणि केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत ७०. म्हणजे प्रत्यक्षात गालफडांची रुंदी सुमारे १३१ मिमी आणि लांबी २००. लांबी रुंदीच्या दीडपट आणि खाली हलकी निमुळती: चेहरा खरंच लांबट निघाला. इथे फ्रेमने दोन कामं करायची असतात. उंच काचेने मधला भाग भरायचा, म्हणजे गाल आणि हनुवटीचा लांबलचक पट्टा तुटतो. आणि दोन काचांना नाकावर जोडणारा ब्रिज जरा खाली बसवायचा, म्हणजे नाक आखूड दिसतं. अरुंद, बुटकी चौकट अशा चेहऱ्यावर लांबी आणखी उठवते.

आकारापेक्षाही मला रुंदी जास्त महत्त्वाची वाटते. फ्रेमची एकूण रुंदी चेहऱ्याच्या रुंदीइतकी किंवा किंचित जास्त हवी. काडीच्या आत ५०□१८ १४० असं लिहिलेलं असतं: काच ५०, ब्रिज १८, काडी १४०. दोन काचा आणि ब्रिज मिळून ११८, त्यात दोन्ही बाजूंच्या बिजागरीच्या कोपऱ्यांचे चौदा-पंधरा मिळवले की माझे १३२-१३३ होतात. काचेची उंची ४२ मिमी घेतली.

मोठ्या काचेचा मोह मी नंबरामुळे टाळला. माझ्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर ६२ मिमी आहे. फ्रेमच्या दोन काचांच्या मध्यांमधलं अंतर ५० अधिक १८ म्हणजे ६८. प्रत्येक काचेचा मध्य तीन मिमी आत सरकवावा लागला. ५६□१६ घेतली असती तर तेच पाच मिमी झालं असतं आणि बाहेरची कड आणखी जाड झाली असती. शिवाय मायनस काच मागचं सगळं लहान करून दाखवते. काचेतून दिसणारी गालाची कड आत गेल्यासारखी भासते आणि तिथे चेहऱ्याच्या रेषेत खाच पडते. दुकानातल्या फ्रेममध्ये नंबराची काच नसते, त्यामुळे फोटोत ही खाच दिसतच नाही. काच लहान आणि डोळ्यांच्या जितकी जवळ, तितकी ती कमी. माझ्या चष्म्यात ती अजूनही आहे, पण तीन-चतुर्थांश वळून पाहिलं तरच कळते.

समोरून काढलेला फोटो नाकाची उंची आणि कानामागचा भाग सांगत नाही, हा या पद्धतीचा खरा अडसर. माझं नाक वरच्या बाजूला बसकं आहे, म्हणून अ‍ॅसिटेट प्लास्टिकच्या फ्रेमला हलवता येणारे धातूचे नोजपॅड असलेलीच घेतली. उन्हाळ्यात घामाने ती घसरायला लागली तेव्हा दुकानातल्या काकांनी पॅड जरा आत घेतले आणि काडीचं टोक कानामागे वाकवलं. "काडी कानावर टेकते तिथूनच वळायला हवी, नाहीतर चष्मा पुढे येणारच," असं ते म्हणाले, आणि त्यानंतर घसरणं थांबलं.

उंच काचेचा एक त्रास मात्र राहिला आहे. खळखळून हसलं की गाल खालच्या कडेला लागतात आणि काचेवर डाग उठतात. दुकानात फ्रेम लावून फोटो काढाल तेव्हा एक गंभीर चेहऱ्याचा आणि एक मोठ्याने हसतानाचा काढा. हसताना फ्रेम वर उचलली जात असेल तर त्याच आकारात ४० किंवा ३८ मिमी उंचीची मागून बघा.