लीजची गाडी मुदतीआधी सोडायची तर: हिशेबाचं करारपत्र की छापील तक्ता?

कंपनीमार्फत गाडी लीजवर घेणाऱ्यांसमोर साधारण दोन प्रकारचे करार येतात. मासिक भाडं सगळेच ताडून बघतात. मुदतीआधी गाडी सोडली तर काय, हे कलम मात्र शेवटच्या पानांत असतं, आणि चार वर्षांच्या लीजमध्ये नोकरी बदलणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. मी दोन्ही प्रकारच्या गाड्या वापरल्या आहेत, म्हणून त्या कलमापुरतंच लिहितो.

पहिल्या प्रकारात सेटलमेंटची रक्कम हिशेबाने काढतात. उरलेली भाडी आणि शेवटची ठरलेली किंमत, म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू, यांचं आजचं मूल्य काढायचं, म्हणजे पुढे द्यायचे पैसे एका ठरावीक व्याजदराने कमी करून आज किती होतात ते बघायचं, त्यावर फोरक्लोजर चार्ज लावायचा आणि गाडी विकून आलेले पैसे वजा करायचे. उरलेली तूट आपण नोकरी करतो ती कंपनी आपल्या फुल अँड फायनलमधून, म्हणजे नोकरी सोडतानाच्या हिशेबातून, कापते, कारण लीज तिच्या नावावर असते. दुसऱ्या प्रकारात करारालाच एक तक्ता जोडलेला असतो: कितव्या वर्षी सोडली तर किती महिन्यांचं भाडं भरायचं. गाडी परत द्यायची, मोडतोड असेल तर तिचे पैसे द्यायचे आणि मोकळं व्हायचं.

आता आकडे घेऊ. गाडी 12 लाखांची, मुदत 48 महिने, शेवटची किंमत 3 लाख. वर्षाला 11 टक्के दर धरला तर विमा आणि देखभाल सोडून भाडं साधारण 26,000 रुपये बसतं. दोन वर्षांनी सोडायची म्हटली की आपण मनात म्हणतो, 12 चे 3 व्हायचे होते, निम्मा काळ गेला, म्हणजे साडेसात लाख राहिले असतील. तसं होत नाही. सुरुवातीच्या भाड्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो, त्यामुळे त्याच 11 टक्क्यांनी आजचं मूल्य काढलं तरी सुमारे 7 लाख 99 हजार येतात. गाडी साडेसात लाखांना गेली तर तूट 49,000.

पण आजचं मूल्य काढायला कोणता दर वापरायचा? दर जितका मोठा, तितकी आपली देणी कमी. तोच दर 6 टक्के धरला तर रक्कम 8 लाख 53 हजारांच्या आसपास जाते आणि तूट एक लाखाच्या वर. दर लावलाच नाही, नुसती बेरीज केली, तर 9 लाख 24 हजार. गाडी तीच, तारीख तीच.

माझं मन इथेच फिरलं. माझ्या पहिल्या करारात "योग्य दराने" एवढंच लिहिलं होतं. सेटलमेंट लेटर मागितलं तर एका ओळीत एकच आकडा आला. दर विचारला तर उत्तर यायच्या आत पत्राची मुदत संपली, आणि नव्या पत्रात आकडा वेगळा. एचआरला विचारावं तर ते लीज कंपनीकडे बोट दाखवत, आणि लीज कंपनी म्हणे आमचा करार तुमच्या कंपनीशी आहे. पैसे जाण्यापेक्षा ते का जाताहेत हे कळत नाही, याचाच त्रास मला जास्त झाला. तोवर गाडीला गिऱ्हाईक शोधायचं कामही माझ्याच गळ्यात.

तक्त्याचा करार स्वस्त असतो असं नाही. वरच्याच गाडीला विमा-देखभाल वगळून भाडं 28,000 धरा आणि तिसऱ्या वर्षात सोडल्यास तीन महिन्यांचं भाडं. म्हणजे 84,000, शिवाय दोन वर्षांत दरमहा दोन हजारांप्रमाणे जादा गेलेले 48,000. एकूण 1,32,000. हिशेबाच्या करारात दर 11 टक्के लागला तर दोन टक्के फोरक्लोजर चार्ज धरूनही 65,000 मध्ये सुटका होते. 6 टक्के लागला तर 1,20,000 च्या घरात. कागदावर पहिलाच जिंकतो, हे मान्य. फक्त गाडी साडेसातऐवजी सात लाखांना गेली की त्यात पन्नास हजारांची भर पडते, आणि तक्त्यात ती जोखीम आपल्यावर नसते.

जीएसटी दोन्हीकडे विचारून घ्या. मुदतीआधी लीज मोडण्याचा चार्ज मूळ सेवेच्याच दराने करपात्र आहे, असं 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाडीला 18 आणि मोठ्या गाडीला 40 टक्के दर आहे. मोठ्या गाडीच्या तक्त्यातले 84,000 करासकट लाखाच्या वर जातात.

गाडी शेवटी स्वतःच विकत घ्यायची हे पक्कं असेल, किंवा नव्या नोकरीतली कंपनी लीज स्वतःच्या नावावर घ्यायला तयार असेल, तर हिशेबाचा करार चांगला. तूटच पडत नाही किंवा पुढे ढकलली जाते. तो घेणार असाल तर सहीआधी दर टक्केवारीत लिहून मागा, आणि चोविसाव्या महिन्याचा नमुना हिशेबही. ते द्यायला कुणी आढेवेढे घेऊ लागलं, तर तुमच्या जागी मी तरी तक्ताच घेईन. माझी सध्याची गाडी तशीच घेतलेली आहे.