हार्ट रेट झोन वापरून इझी-हार्ड दिवस: ऑक्टोबर ते मे, मुंबईच्या हवेतला अनुभव

आधी निष्कर्ष सांगते, मग तपशील. इझी दिवस खरोखर इझी ठेवायला हार्ट रेट झोनचा मला भरपूर उपयोग झाला. हार्ड दिवसाला ते अर्धवटच कामाला येतात. आणि घड्याळ पहिल्या दिवशी जे झोन दाखवतं ते तसेच वापरायचे असतील, तर न वापरलेलेच बरे.

माझं वय ४४, नोकरी पूर्णवेळ, आठवड्यातून पाच दिवस पळते. बहुतेक वेळा शिवाजी पार्क आणि वरळी सी फेस, रविवारी मरीन ड्राइव्ह. लक्ष्य दरवर्षीसारखं जानेवारीतली हाफ मॅरेथॉन. साधनं दोन: मनगटावरचं जीपीएस घड्याळ आणि छातीला बांधायचा पट्टा.

घड्याळाला वय सांगितलं की ते २२० मधून वय वजा करतं आणि त्याला तुमचा कमाल हार्ट रेट मानतं. माझा आला १७६. त्याच्या ६० ते ७० टक्के म्हणजे झोन २, अर्थात १०६ ते १२३. आता १२३ च्या आत राहायचं तर मला चालावं लागतं, तेही भरभर नाही. रमतगमत पळायला लागले की घड्याळ झोन ४ दाखवतं आणि घरी आल्यावर ‘आजचा व्यायाम फार तीव्र’ असा शेराही मारतं. त्या सूत्राचं असं आहे की ते मोठ्या गटाच्या सरासरीला बरं लागू पडतं, पण एकेका माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, कधी त्याहूनही जास्त. माझा फरक वरच्या बाजूला निघाला. ज्यांचा खालच्या बाजूला असतो त्यांची अडचण जास्त वाईट, कारण घड्याळ त्यांना इझी म्हणून जे सांगतं ते प्रत्यक्षात बरंच जोराचं असतं आणि कळत काहीच नाही.

म्हणून डिसेंबरात अर्ध्या तासाची चाचणी दिली. ही पद्धत ट्रायथलॉनवाले बऱ्याच वर्षांपासून वापरतात. पंधरा मिनिटं वॉर्मअप करायचा, मग एकट्यानेच ३० मिनिटं शर्यतीसारखं पळायचं, म्हणजे अर्धा तास जेमतेम टिकवता येईल इतक्या जोरात. पहिली दहा मिनिटं झाली की लॅपचं बटण दाबायचं. उरलेल्या वीस मिनिटांची सरासरी हा तुमचा थ्रेशोल्ड हार्ट रेट. याला सलग, सपाट, सिग्नल नसलेली जागा लागते. पहाटे साडेपाचला एनसीपीएकडून गिरगाव चौपाटीच्या दिशेने आणि परत, फुटपाथवरून, हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. त्या वेळी सेल्फीवालेही नसतात.

माझी सरासरी आली १७१. म्हणजे घड्याळाच्या मते जो माझा कमाल होता, त्याच्या फक्त पाच ठोके खाली मी वीस मिनिटं पळत होते. नंतर चढावरच्या इंटरव्हलमध्ये पट्ट्याने १८७ पर्यंत आकडा दाखवला, तेव्हा १७६ चा विषय संपला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण ग्रुपमधली निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. ‘सत्तर टक्के’ म्हटलं तर कशाचे? घड्याळाच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय दिसतात: `%Max HR`, `%HRR` आणि `%LTHR`. पहिला कमाल हार्ट रेटचा. दुसरा कमाल आणि विश्रांतीचा यांमधल्या अंतराचा. माझा सकाळी उठल्या उठल्या ५४ असतो, म्हणजे अंतर १३३. त्याचे ७० टक्के ९३, त्यात ५४ मिळवले की १४७. पहिल्या पद्धतीने, खरा कमाल धरूनही, तेच सत्तर टक्के १३१ येतात. तिसरा पर्याय थ्रेशोल्डचा, त्यात झोन २ हा ८५ ते ८९ टक्के धरतात, म्हणजे माझ्यासाठी १४५ ते १५२. टक्के कुणाचेही ऐका, पण ते कशाचे आहेत हे विचारल्याशिवाय घड्याळात भरू नका. मी तिसरा ठेवला. १५२ ही माझी इझीची कमाल मर्यादा, १६२ ते १७० हा टेम्पोचा पट्टा, आणि मधला भाग शक्यतो टाळायचा. ग्रुपबरोबर गप्पा मारत किलोमीटरला सहा-वीसच्या पेसने जाताना माझा आकडा नेमका त्याच मधल्या भागात, १५८ च्या आसपास असतो. तेवढ्याने दमायला होतं आणि मंगळवारच्या जोराच्या वर्कआउटला पाय ताजे राहत नाहीत.

आकड्याची खात्री करायला एक साधा उपाय आहे: बोलून बघायचं. १४८ वर मी वाण्याची अख्खी यादी श्वास न तुटता म्हणू शकते. १५६ ला ‘तूरडाळ दोन किलो’ नंतर थांबावं लागतं. तुमच्या चाचणीचा आकडा आणि हे बोलणं जुळत नसेल तर चाचणी पुन्हा घ्या. बहुधा सुरुवातीला फार जोरात सुटून शेवटी ढेपाळलेले असता.

आता मुंबईचा खरा प्रश्न, उकाडा. जानेवारीत सव्वासातच्या पेसने सव्वा तास पळले तर पहिल्या अर्ध्याची सरासरी १३८ आणि दुसऱ्याची १४१. तोच रस्ता, तोच पेस, मे महिन्यात पहाटे पाचला: पहिला अर्धा १४२, दुसरा १५१. म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त चढ. पेस न बदलता हार्ट रेट असा चढत जातो, त्याला कार्डियाक ड्रिफ्ट म्हणतात. कारण सरळ आहे. हवा दमट असली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. मग शरीर जास्त रक्त त्वचेकडे वळवतं. घामातून पाणी गेल्याने रक्तातला द्रवही कमी होतो. प्रत्येक ठोक्याला हृदयातून कमी रक्त बाहेर पडतं, ते भरून काढायला ठोके वाढतात. थंड हवेत ड्रिफ्ट पाच टक्क्यांच्या आत असेल तर तो पेस तुमच्यासाठी खरंच इझी आहे, हा माझ्या अनुभवाला उतरलेला ठोकताळा. पण मे महिन्यातला ड्रिफ्ट बघून ‘फिटनेस गेला’ म्हणून हवालदिल होऊ नका, कारण त्यात हवेचा वाटा मोठा असतो.

करायचं काय? मी पेस सोडून मर्यादा धरते. मे महिन्यात सुरुवातच पावणेआठच्या पेसने करते, आकडा १३८ च्या आसपास राहतो आणि शेवटी १४९ पर्यंत चढतो. दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालते. वरळी सी फेसला चालताना ओळखीचे लोक ‘काय गं, आज बरं नाही का?’ विचारतात, त्याची सवय होते. स्नायूंना जानेवारीइतकं काम होत नाही हे खरं, पण उष्णतेचा ताणही ताणच असतो आणि दुसऱ्या दिवशी पायांना तो कळतो. लाँग रन मी या दिवसांत अंतराऐवजी वेळेवर ठेवते.

हार्ड दिवशी मात्र मी आकड्याच्या मागे धावत नाही. हार्ट रेट उशिरा जागा होतो. आठ मिनिटांच्या टेम्पोच्या चार फेऱ्या असल्या तर प्रत्येक फेरीची पहिली दोन-तीन मिनिटं तो १६२ च्या खालीच असतो. लगेच १६५ दिसावा म्हणून जोर लावला की चौथ्या मिनिटाला १७५ होतो आणि वर्कआउटची वाट लागते. म्हणून सुरुवात पेस आणि श्वासावर करायची, आणि तीन मिनिटांनंतर घड्याळ बघायचं. चारशे मीटरच्या इंटरव्हलमध्ये तर बघायचंच नाही, आकडा वर येईपर्यंत फेरी संपलेली असते. चढावरही तेच, पेडर रोडवर सर्वांत मोठा आकडा बहुतेक वेळा चढ संपल्यावर दिसतो. उन्हाळ्यात टेम्पोला १७० हे मी छत मानते. पेस किलोमीटरला पंधरा-वीस सेकंदांनी उतरला तरी चालेल, छत ओलांडायचं नाही.

ऐंशी टक्के इझी, वीस टक्के हार्ड, या ८०-२० च्या गणितालाही थोडं तपासून घ्या. स्टीफन सायलर या संशोधकाने ते वर आणलं, पण त्यांनी पाहिलेले खेळाडू आठवड्याला दहा-बारा वेळा सराव करणारे होते, आणि मोजणी बहुतांशी सत्रांची होती, मिनिटांची नव्हे. आमच्यासारख्या पाच दिवसवाल्यांना ८०-२० म्हणजे आठवड्याला एकच हार्ड दिवस. मी हाफच्या आधीचे दोन महिने दोन ठेवते, मंगळवार आणि शुक्रवार, बाकीचे महिने एकच. लोकलमधून उभ्याने घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे इंटरव्हल करायचे, तर एक मला पुरतो.

साधनांबद्दल. मनगटाचा सेन्सर हिरव्या प्रकाशाने रक्ताची हालचाल वाचतो आणि पळताना कधीकधी पावलांच्या तालालाच हार्ट रेट समजतो. वॉर्मअपच्या पाचव्या मिनिटाला, अजिबात दमलेली नसताना, आकडा १७० ला खिळून बसला तर घरी आल्यावर हार्ट रेट आणि कॅडन्स हे दोन्ही आलेख एकावर एक ठेवून बघा. दोन्ही रेषा चिकटलेल्या असतील तर तो आकडा फेकून द्या. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर घट्ट बांधलं की हे कमी होतं. मी चाचणी आणि टेम्पो पट्ट्यावरच करते. पट्टा विद्युत संकेत वाचतो, त्याला ओलावा लागतो. जानेवारीत कोरड्या अंगावर पहिली दहा मिनिटं वेडेवाकडे आकडे येतात, म्हणून आतली बाजू नळाखाली भिजवून बांधायचा. मे महिन्यात ही गरजच पडत नाही. त्याऐवजी मिठाचा थर चढतो. प्रत्येक रननंतर सेन्सरची डबी काढून पट्टा साध्या पाण्याने धुतला नाही तर तो काही महिन्यांत दगा देतो आणि आधी वास मारतो.

हे सगळं ज्यांना लागूच पडत नाही असेही लोक आहेत. आमच्यातले एक काका रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतात. त्या गोळीने ठोके मुळातच दबलेले राहतात, त्यामुळे त्यांचा आकडा टेम्पोलाही १३० च्या आसपास घोटाळतो आणि कुठलंही सूत्र जुळत नाही. ते फक्त बोलून बघतात. रक्तदाब, मधुमेह किंवा छातीत कधी दुखलेलं असेल तर अर्ध्या तासाची चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

माझी पुढची चाचणी ऑक्टोबरचा उष्मा ओसरल्यावर, नोव्हेंबरअखेरीस. मे महिन्यात घेऊन पाहण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा येणारा आकडा निम्मा हवेचा असतो. तोपर्यंत १७१ च धरून चालणार आहे.