मुलांची विश्रांत ऊर्जागरज: स्कोफील्डचे सूत्र की प्रौढांचे?

पाच वर्षांची मुलगी, वजन १८ किलो, उंची १०८ सेंटीमीटर. पूर्ण विश्रांतीत तिचे शरीर दिवसाला किती ऊर्जा खर्च करते, हे तीन सूत्रांनी काढून पाहू. स्कोफील्डचे ३ ते १० वर्षांच्या मुलींसाठीचे सूत्र (२०.३१५ × वजन + ४८५.९) सुमारे ८५२ किलोकॅलरी देते. प्रौढ स्त्रियांसाठीचे मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र (१० × वजन + ६.२५ × उंची − ५ × वय − १६१) ६६९ देते, म्हणजे सुमारे २१ टक्के कमी, तर १९१९ चे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र १,००४ देते, म्हणजे सुमारे १८ टक्के जास्त. दोन्ही प्रौढ सूत्रे चुकतात, पण विरुद्ध दिशांना, आणि म्हणूनच ‘प्रौढ सूत्राच्या उत्तरात ठरावीक भर घालावी’ हा सोपा तोडगा येथे चालत नाही.

याचे मूळ शरीराच्या घडणीत आहे. मेंदूचा एक किलो भाग दिवसाला सुमारे २४० किलोकॅलरी खर्च करतो, विश्रांतीतील स्नायूंचा एक किलो मात्र जेमतेम १३. पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू सव्वा किलोच्या आसपास, प्रौढाच्या मेंदूच्या जवळ पोहोचलेला असतो, पण त्याला वाहणारे शरीर एक तृतीयांशही नसते. या हिशेबाने विश्रांत खर्चाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्या मेंदूकडे जातो. प्रौढात तो पाचव्या हिश्शाइतका असतो. मिफ्लिनचे सूत्र १९ ते ७८ वर्षांच्या व्यक्तींच्या मोजमापांवरून बसवलेले असल्याने त्यातील वजन, उंची आणि वयाचे गुणक हे प्रमाण ओळखतच नाहीत. हॅरिस-बेनेडिक्टच्या स्त्रियांच्या सूत्रातील ६५५ हा स्थिरांक तर लहान शरीरावर सरळ ओझे होऊन बसतो.

किशोरवयात हे अंतर आटते. पंधरा वर्षांच्या, ५५ किलो आणि १६५ सेंटीमीटरच्या मुलासाठी स्कोफील्डचे त्या वयाच्या मुलांचे सूत्र १,६३१ आणि मिफ्लिनचे पुरुषांसाठीचे सूत्र १,५११ देते. तफावत सुमारे ७ टक्के. तरीही वाढीच्या वयात रोज १२० किलोकॅलरी कमी धरणे मला मान्य नाही, त्यामुळे अठरा पूर्ण होईपर्यंत वयोगटाचेच सूत्र वापरावे.

अर्थात स्कोफील्डलाही मर्यादा आहेत. दहाव्या वर्षी गट बदलताना ३० किलोच्या मुलीचे उत्तर जवळपास तेच राहते, मात्र अठराव्या वाढदिवशी ५० किलोच्या मुलीची गरज १,३६२ वरून एकदम १,२२८ वर येते. शरीर एका रात्रीत असे बदलत नसल्याने त्या वयात दोन्ही आकडे काढून त्यांच्यामधला धरणे शहाणपणाचे. लठ्ठ किशोरांत केवळ वजनावर आधारलेले सूत्र गरज फुगवून दाखवू शकते, कारण वाढीव किलोंतला मोठा वाटा असलेली चरबी फारच कमी ऊर्जा खर्च करते. गंभीर आजारात मात्र कोणत्याही सूत्रापेक्षा श्वासातील ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजून काढलेला खर्चच ग्राह्य धरावा.