जीपला ६.००-१६ मिळेना: १५ ची डिस्क घ्यावी की १६ चीच रुंद?

अंबडच्या मेहुण्याच्या जुन्या जीपचे टायर गुळगुळीत झाले. जालन्यात दोन दुकानं फिरलो, तर ६.००-१६ मिळाला तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा. "साइज तीच आहे की," दुकानदार म्हणाला. साइज तीच, पण त्यावर उभ्या धारा असतात आणि बाजूला ए६ किंवा ए८ लिहिलेलं असतं, म्हणजे ताशी ३० किंवा ४० किलोमीटरची मर्यादा. रस्त्यावर पळणाऱ्या जीपला तो बसवायचाच नाही.

मग याच्या जोडीची मेट्रिक साइज शोधायची. मूळ आकड्यांत ६.०० म्हणजे इंचातली रुंदी, १६ म्हणजे डिस्कचा व्यास. उंचीचा आकडा त्यात नसतोच, म्हणून नुसत्या गुणाकाराने फसगत होते. या टायरची नवी उंची साधारण ७३ सेंटिमीटर भरते. झिजलेला टायर मोजलात तर दीडेक सेंटिमीटर कमीच भरेल.

मेट्रिकमध्ये हिशेब सरळ आहे. २०५/८० आर १६ मध्ये २०५ चे ८० टक्के १६४ मिलिमीटर. त्याची दुप्पट अधिक डिस्कचे ४०६, म्हणजे ७३४. उंची जवळजवळ जुळली! पण जीपची मूळ डिस्क साडेचार इंच रुंद, आणि या टायरला निदान पाच लागते. अरुंद डिस्कवर तो मध्ये फुगून बसतो, मधूनच झिजतो आणि वळणावर लचकतो. म्हणजे डिस्क बदलावीच लागणार.

बदलायचीच, तर दुसरा पर्याय २१५/७५ आर १५. हा बोलेरोचा माप, त्यामुळे तालुक्याच्या गावातही मिळतो. त्याची उंची ७०३, म्हणजे अडीच सेंटिमीटर कमी. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ५८ ने चाललेली असेल आणि पोटाखालची जागा सव्वा सेंटिमीटरने घटेल. चढाला मात्र थोडी सोपी जाते.

खरा फरक पावसाळ्यात कळतो. उंच, अरुंद टायर काळ्या मातीचा चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. रुंद टायर चिखल गोळा करून मडगार्डमध्ये भरतो. पॉवर स्टिअरिंग नसेल तर हातही भरून येतात.

मेहुण्याची जीप बहुतेक डांबरी रस्त्यावर आणि आठवडी बाजाराला, म्हणून आम्ही १५ घेतला. रोज शेतातून जायचं असतं तर मी १६ साठी चार दिवस थांबलो असतो. डिस्क आणताना पाच बोल्टांचं अंतरच नव्हे, मधलं भोकही हबवर बसवून बघा. मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर कमानपाट्याला घासत नाही ना, ते पाहा. रेडियल आणि साधे टायर मिसळू नका. फोर-व्हील जीपला तर चारही एकाच मापाचे हवेत. स्टेपनीही तीच. आम्ही पाचवी डिस्क नंतर घेऊ म्हटलं, आणि आता मागे जुनीच लटकते आहे.